खिचडीवर गेलेला चिमटा

मी कारंजा लाडची. नोकरी लागल्यापासून जिल्हा परिषदेच्या शाळांतच शिकवते आहे. ही गोष्ट घडली तेव्हा मी इंझोरीच्या पलीकडच्या एका लहान गावात होते. शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. तिसरी डाव्या हाताला बसायची, चौथी उजव्या हाताला, आणि मधे मी, रहदारीच्या पोलिसासारखी.

त्या वर्षी तिसरीत एक मुलगी आली. पहिल्याच आठवड्यात ती पाणी प्यायला म्हणून उठली आणि बराच वेळ परतलीच नाही. बाहेर डोकावून पाहिलं तर ही हातपंपाशी उभी. एका हातानं पंप हापसत होती आणि दुसऱ्या हातानं शेळीच्या पिलाचं तोंड धारेखाली धरत होती.

"तहान कोणाले लागली होती? तुले का त्याले?" मी विचारलं.

तिनं नीट विचार केला. थट्टा करत नव्हती, खरंच आठवत होती.

"मलेच लागली होती मॅडम. मंग हे दिसलं. मंग माही राहूनच गेली."

ती तशीच, पाणी न पिताच आत आली. पिलूही आलं. चौथीच्या मुलांनी त्याला हजेरीत घ्यायची मागणी केली.

ती खोडकर होती असं मला एकदाही वाटलं नाही. कोणाला मारायची नाही, खोटं बोलायची नाही, मोठ्यांना उलटून उत्तर देणं तिच्या गावीही नव्हतं. फक्त हातातलं काम आणि ती यांची गाठ फार वेळ टिकत नसे. एक ओळ लिहायची. मग खोडरबर हवा. खोडरबर बाकाखाली. बाकाखाली मुंग्यांची रांग. रांग कुठं जाते ते पाहायला ती रांगत रांगत दारापर्यंत जायची, आणि दारात मला भेटून दोघींनाही आश्चर्य वाटायचं.

सर म्हणाले, "तिले मागं बसवा, बाकीच्याईले तरास नको." मी बसवलं. मागं खिडकी होती आणि खिडकीतून रस्ता दिसायचा. त्यानंतर रस्त्यावरून काय काय जातं ते साऱ्या वर्गाला कळू लागलं. "मॅडम, सोयाबीनचं ट्रॅक्टर." "मॅडम, एसटी. आज कंडक्टर नवा हाये." एकदा तर मी भागाकार शिकवत असताना ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमचे मालक आले." मी पदर सावरून बाहेर गेले. कोणी नव्हतं. मोटारसायकल फक्त आमच्यासारखी होती.

लिहिण्याची सवय व्हावी म्हणून मी तिला धड्याचं अख्खं पान उतरवायला दिलं. शाळा सुटताना पाहिलं तर पानावर तीन शब्द आणि एक कोंबडी. कोंबडी अप्रतिम होती. तुऱ्याचा एकेक दात मोजून घ्यावा अशी. तोंडी मात्र तोच धडा विचारला तर तिला सगळा येत होता, अगदी मी न सांगितलेलाही.

आमच्या तालुक्यात एक विशेष शिक्षिका स्कुटीवरून शाळाशाळांना भेट देत फिरतात. ज्या मुलांना शिकायला वेगळी मदत लागते त्यांच्यासाठी. मी त्यांना निरोप दिला. एक दिवस त्या आल्या आणि सकाळभर मागच्या बाकावर गुपचूप बसून राहिल्या. मुलीला त्यांची स्कुटी आवडली, त्यामुळे त्या सकाळी तिचं लक्ष स्कुटीवर होतं. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी ओट्यावर बसलो.

"तिचं लक्ष नाही असं नका म्हणू," त्या म्हणाल्या. "लक्ष आहे. ते कुठं लावायचं आणि कुठून काढायचं, ते तिच्या हातात नाही. तुम्ही आता पुस्तक काढा, पान उघडा, तारीख टाका आणि पहिला प्रश्न सोडवा, असं एका दमात सांगितलं. तिच्यापर्यंत पुस्तक पोचलं. बाकीचं वाटेतच सांडलं."

"मंग म्या काय करू?"

"एका वेळी एक सांगा. झालं की पुढचं. काम लहान तुकड्यांत द्या, म्हणजे संपवलं असं तिला वाटेल. तिला समोर घ्या, खिडकीपासून लांब. आणि ती उठायच्या आधीच तिला उठवा."

हे शेवटचं मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. तिची चुळबूळ सुरू झाल्यावर सुट्टी दिली तर ती चुळबुळीचं बक्षीस होते. चुळबूळ व्हायच्या थोडं आधी ठरलेली छोटी सुट्टी दिली, तर अंग मोकळं होतं आणि पुन्हा बसता येतं. "आणि चुकली म्हणून तिची सुट्टी कापू नका," त्या म्हणाल्या. "जिला जास्त गरज आहे, तिचीच आपण कापतो." जाताना त्यांनी आई-वडिलांना बोलवायला सांगितलं. डोळे-कान तपासून घ्या, वाशीमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा, आणि घरी-शाळेत एकच पद्धत ठेवा. "आणि मॅडम, पहिल्या भेटीत तक्रार सांगू नका. त्या माणसांनी तक्रारीच ऐकल्या असतील."

तिचे वडील गावात मोटार वाइंडिंगचं काम करत. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी खोलायच्या, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. आई शेतात मजुरीला जायची आणि घर तिच्यावरच चालायचं. दोघं वेळेवर आली. वडील म्हणाले, "जय भीम मॅडम," आणि खुर्चीत बसले. आईनं बसायच्या आधीच विचारलं, "काय केलं तिनं?"

"काही नाई. चांगलं केलं. काल तिनं धडा तोंडी सांगितला, एक शब्द चुकला नाही."

आईनं नवऱ्याकडं पाहिलं. मला वाटतं अशा बातमीचं काय करायचं ते तिला कळेना. मग तीच बोलू लागली. पोरगी विहारात वंदनेला बसली की पहिली गाथा होते न होते तोच उठते. दुकानातून तेल आणायला पाठवली की रिकामी बाटली घेऊन परत येते, वर म्हणते तुमी काय आणाले सांगतलं होतं. रात्री आडवी पडली तरी पाय चालूच.

मी विशेष शिक्षिकेनं सांगितलेलं सांगायला लागले. एका वेळी एक सूचना, कामाचे तुकडे. आई मान हलवत होती. बोलता बोलता पाहिलं तर वडिलांची खुर्ची रिकामी. ते भिंतीजवळ बाकावर चढून वर्गाचा पंखा उघडत होते.

"आवाज करून राह्यला होता," ते वरून म्हणाले. "तुमी बोला मॅडम, मी आयकून राह्यलो."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "पाह्यलं का? पोरगी कोणावर गेली ते मले कोणी सांगाची गरज नाई. घरात याईच्या अर्ध्या खोललेल्या मोटारी पडल्या हायेत. एक सुरू करते, दुसरीत हात घालते. जेवाले बसले का मंधातच उठून कोणाच्या मीटरकडे पाहतेत."

"तुमी कसं सांभाळता?"

"एक सांगतो. ते झालं का दुसरं सांगतो. नाई तं लुगडं धुवाले सांगतलं तं बादली दुरुस्त करून आणते हा माणूस."

म्हणजे विशेष शिक्षिका जे सांगून गेल्या तेच ही बाई लग्न झाल्यापासून नवऱ्यावर करत होती. पोरीवर का नाही केलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पोरगी लहान हाये ना. वाटलं, सुधरन." वरून वडील म्हणाले, "मी नाई सुधरलो का?" पंखा मात्र त्या दिवशी अर्धाच राहिला, कारण त्यांना घंटेची दोरी तुटायला आलेली दिसली.

वाशीमला ती तिघं जाऊन आली. कान चांगले, डोळे चांगले. डॉक्टरांनी घरचं विचारलं, शाळेचं विचारलं, मी पाठवलेली माहिती वाचली. पोरगी हुशार आहे, लक्ष टिकवण्याची अडचण आहे, शाळेतली आणि घरची पद्धत सुरू करा, काही महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं सांगितलं. आईला यातून एवढंच हवं होतं की कोणीतरी शिकलेल्या माणसानं म्हणावं, लेकरू वाया गेलेलं नाही.

मग मी कामाला लागले. पहिल्यांदा गणिताच्या पानाचे मी कात्रीनं तुकडे केले. एका तुकड्यावर थोडीशी उदाहरणं, मोठ्या अक्षरात, आजूबाजूला चित्र नाही, काही नाही. तिला समोर बसवून पहिला तुकडा दिला. तिनं तो सोडवला आणि मान वर केली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मंग द्या पुढचं," ती म्हणाली, जणू मीच वेळ घालवत होते. दिवसभरात तिनं पानभर गणित केलं. पान एकसंध दिलं असतं तर कोंबडी झाली असती. बाकीच्या मुलांनी तक्रार केली की तिलाच कागद का मिळतात, आम्हाला का नाही. मग सगळ्यांनाच तुकडे. कात्री चालवून माझ्या अंगठ्याला घट्टा पडला.

सुट्टीचं मात्र पहिल्या खेपेला पार फसलं. मी तिला म्हटलं, जा, मैदानाला एक चक्कर मारून ये. ती गेली. मैदानाला कुंपण नव्हतं हे माझ्या लक्षात नव्हतं. मैदानाच्या कडेनं ती रस्त्यावर, रस्त्यानं वडिलांच्या दुकानात, आणि तिथं तिनं वडिलांना तारेचं टोक धरून मदत केली. वडिलांना शाळा चालू आहे हे सुचलं नाही. दोघं खूप आनंदात होते. मीच धापा टाकत पोचले. विशेष शिक्षिकेला फोन केला तर त्या आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, "सुट्टीला जागा पाहिजे, शेवट पाहिजे, आणि परत यायची खूण पाहिजे."

म्हणून सुट्टी वर्गातच आणली. आपापल्या जागी उभं राहायचं आणि पाण्यातून निघालेल्या म्हशीसारखं अंग झटकायचं. डोकं, खांदे, कंबर, पाय. मग मी डस्टर टेबलावर दोनदा वाजवलं की एक लांब श्वास आणि खाली बसायचं. म्हैस ही मुलांचीच निवड. मी ससा सुचवला होता, तो त्यांना फार किरकोळ वाटला.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून सर आले. अंगावर खडूची पूड.

"मॅडम, तुमच्याकडे काय पडलं?"

"काई नाई सर. म्हशी होत्या."

सर अंगावरची पूड झटकत परत गेले. पण आठवड्याच्या आत पलीकडची पहिलीसुद्धा, आमचा धबधब आवाज ऐकला की कोणी न सांगता उठून झटकू लागली. सरांनी थांबवून पाहिलं, मग स्वतःच पहिलीला म्हशीची वेळ ठरवून दिली. "झटकल्यावर पोट्टे बसतेत तं खरं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच कबुली होती.

तिसरी गोष्ट, दिवसाचा क्रम. पुढं काय आहे ते दिसलं तर मुलांचा जीव भांड्यात पडतो, असं विशेष शिक्षिका म्हणायच्या. मी एक लांब पुठ्ठा घेतला आणि त्यावर चित्रं काढली: परिपाठासाठी जोडलेले हात, मराठीला पुस्तक, म्हैस, गणिताला बेरजेचं चिन्ह, दुपारच्या खिचडीसाठी ताट, असं शेवटच्या घंटेपर्यंत. माझी चित्रकला यथातथाच. ताट टोपीसारखं दिसत होतं आणि म्हशीला मुलं कितीतरी दिवस 'मॅडमचा सोफा' म्हणत. कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा त्या पुठ्ठ्यावर लावला. जे चालू असेल त्या चित्रावर चिमटा. ते संपलं की चिमटा पुढं.

मुलगी चिमट्यावर खूश झाली. दर थोड्या वेळानं "आता काय, आता काय" विचारणारी मुलगी आता पुठ्ठ्याकडं पाहायची आणि पुन्हा कामाला लागायची. महिनाभरात सगळा वर्ग चिमट्याच्या आज्ञेत. मला स्वतःला इतका मान कधी मिळाला नव्हता.

आणि मग तो दिवस आला. परिपाठ नुकताच झाला होता. सरांनी मला हजेरीचं काही विचारायला बाहेर बोलावलं. परत आले तर वर्ग रिकामा. दप्तरं उघडी, ताटं गायब. चौथीतल्या कोणीतरी चिमटा खिचडीवर नेऊन लावला होता, आणि साऱ्या वर्गानं तो प्रमाण मानला होता.

मी धावत स्वयंपाकाच्या खोलीशी गेले. मुलं ओळीत बसली होती, समोर ताटं, हात धुतलेले, वदनी कवळ म्हणून झालेलं. खिचडी शिजवणाऱ्या ताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की हे माझंच कारस्थान.

"मॅडम, चूल पेटाची हाये अजून. काहून पाठवले हे सारे?"

"म्या नाई पाठवले."

"चिमट्यानं पाठवले," आमची मुलगी म्हणाली.

"कोण हा चिमटा?" ताईंनी विचारलं. त्यांना तो नवा शिक्षक वाटला.

मी सगळ्यांना परत आणलं. पण खरं सांगायचं तर वर्गाकडं येताना मला रागापेक्षा हसू जास्त येत होतं. इतकी मुलं, कोणी न ओरडता, न सांगता, ओळीत बसून हात धुऊन तयार होतात, हे सरांच्या शिट्टीनंसुद्धा कधी झालं नव्हतं. चिमटा सरकवणाऱ्या महाशयांना मी शोधलं नाही. त्याऐवजी चिमट्याचा ताबा त्या मुलीकडं दिला. चित्र संपलं की तिनं उठायचं, पुठ्ठ्यापर्यंत जायचं, चिमटा पुढं लावायचा आणि जागेवर यायचं. तिला उठायला कारण मिळालं आणि मला पहारेकरी.

पहारेकरी कडक निघाला. "मॅडम, चिमटा गणितावर हाये. तुमी अजून मराठीच करून राह्यल्या." मला मराठी आवडतं, मी तिकडं रमते. आता रमता येईना.

घरीही तसाच पुठ्ठा दिला होता, लहान पट्टीसारखा, चिमट्यासकट. शाळेतून आल्यावर हातपाय धुणे, भाकरी, थोडा अभ्यास, खेळ, थोडा अभ्यास. आईनं तो चुलीजवळच्या भिंतीला टांगला. रोज शाळा सुटताना मी मुलीला एकच वाक्य द्यायचे, आज काय जमलं ते, आणि तिनं घरी जाऊन ते आईला सांगायचं. 'आज दोन तुकडे न उठता केले.' 'आज वाचताना बोट ठेवलं.' वाटेत ती वाक्य विसरू नये म्हणून मी ते वडिलांच्या मोबाइलवरही पाठवायचे. वडील बोलून उत्तर पाठवत. "जय भीम मॅडम. पोरीनं सांगतलं, बराबर सांगतलं. अभ्यासाले बसली. मंग आमच्या इथं ते पाटलाईची मोटार आली, तिचं बेरिंग गेलं होतं..." पुढं निरोप संपेपर्यंत बेरिंग. शेवटी मागून आईचा आवाज यायचा, "पोरीचं सांगाले घेतलं होतं ना?" मला मोटारीतलं बरंच कळू लागलं.

एका आठवड्यात मात्र पोरीचं वाक्य घरी पोचूनही अभ्यासाचं काही ऐकू येईना. ती पुन्हा वर्गात उधळल्यासारखी. आईला विचारलं.

"चित्राईची पट्टीच नाई घरी," ती म्हणाली. "ह्याईनं दुकानात नेली."

मी बसस्टॉपला जाताना दुकानात डोकावले. पट्टी तिथं होती. हातपाय धुण्याच्या चित्रावर त्यांनी खडूनं लिहिलं होतं 'खोलणे'. भाकरीवर 'तार काढणे'. पुढं 'गुंडाळणे', 'वार्निश', 'चालवून पाहणे'. चिमटा वार्निशवर होता आणि वडील खरोखर वार्निश लावत होते. समोर रस्त्यानं बँडवाल्यांची गाडी वाजत गेली, त्यांनी मान वर केली, चिमट्याकडं पाहिलं, आणि पुन्हा मान खाली.

"मॅडम, हे भारी काम हाये," ते म्हणाले. "या हप्त्यात मोटारी पुऱ्या झाल्या. लोकं विचारून राह्यले, तब्येत बरी हाये ना?"

"पण पोरीची पट्टी हाये ना ती."

त्यांचा चेहरा उतरला. हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तिथल्या तिथं पट्टी काढून माझ्या हातात द्यायला निघाले. मी म्हटलं राहू द्या, पोरीसाठी दुसरी आणते, पण तिची तिला आणि तुमची तुम्हाला. दुसऱ्या दिवशी मी दोन पुठ्ठे केले. त्यांच्या पुठ्ठ्यावरची मोटार मी काढली. ती उलटसुलट धरून पाहत ते म्हणाले, "डुक्कर चांगलं आलं."

केंद्रप्रमुख, म्हणजे आमच्या आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, थंडीत भेटीला आले. न कळवता. ते दारात पोचले तेव्हा चिमटा म्हशीवर होता. साऱ्या खोलीत मुलं अंग झटकत होती, मीही झटकत होते. साहेब दारातच थांबले. मला ते दिसले, पण डस्टर वाजल्याशिवाय थांबायचं नाही हा नियम माझाच. मी डस्टरपाशी पोचून दोनदा वाजवलं. लांब श्वास, आणि सगळे खाली. टाचणी पडली तर ऐकू यावी.

"हे काय होतं?" साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं. साहेब मान हलवत आत आले आणि बोलू लागले. माणूस चांगला, पण बोलायला सुरुवात केली की त्यांनाही शेवट सापडत नाही. स्वच्छता झाली, शिस्त झाली, झाडं लावणं झालं. मुलगी पुठ्ठ्याकडं पाहत होती. चिमटा गणितावर होता आणि गणित तर चालू नव्हतं. अचानक होणाऱ्या बदलानं अशी मुलं गोंधळतात, आधी सांगून ठेवा, हे मला बजावलेलं होतं. पण साहेबांनीच मला कुठं आधी सांगितलं होतं.

ती उठली, साहेबांजवळ गेली आणि अदबीनं विचारलं, "सर, तुमचं भाषण कोणत्या चित्रात हाये?"

साहेबांच्या पाठोपाठ आलेल्या मुख्याध्यापक सरांनी दारातच डोळे मिटून घेतले. साहेब मला विचारते झाले, "म्हणजे?"

मी पटकन एका कागदावर बॅग घेतलेला माणूस काढला आणि मुलीच्या हातात दिला. "हे पाहुणे. आज गणिताच्या आधी पाहुणे हायेत. लाव."

तिनं चित्र पुठ्ठ्यावर ठेवून चिमट्यात धरलं. चित्रातल्या माणसाकडं आणि साहेबांकडं आळीपाळीनं पाहिलं, समाधान झालं, आणि जाऊन बसली.

"आणि हे कधी संपते?" तिनं जागेवरून विचारलं.

"आत्ता," साहेब म्हणाले. "आत्ताच संपलं बेटा." ते खरंच बसले, आणि पुढचे दोन तुकडे पूर्ण होईपर्यंत मुलांमधून फिरून पाहत राहिले. जेव्हा पुन्हा म्हैस आली तेव्हा त्यांनी आधी दाराकडं पाहिलं, मग खिशातला पेन काढून टेबलावर ठेवला आणि खांद्यापासून सुरुवात केली. त्यांचा चष्मा उडून तिसरीच्या बाजूला पडला. त्यांनी डस्टर वाजल्यावरच तो उचलला.

हे सगळं सरळ वर चढत गेलं असं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा आणि आजोळी लग्न झाल्यावर एकदा, सगळं पहिल्यापासून. ती रडायची, तुकडा फेकायची, म्हणायची मले नाई येत. तेव्हा आई शाळेत येऊन बसायची आणि आम्ही दोघी ठरवायचो की आठवडाभर फक्त पहिली दोन चित्रं पाळायची, बाकी सोडून द्यायची. ती जमली की तिसरं. आईला मजुरी सोडून यावं लागायचं, पण ती यायची. एकदा म्हणाली, "मॅडम, आधी शाळेतून निरोप आला का वाटे, केलं काई तरी पोरीनं. आता वाटते, पाहू काय गंमत हाये."

चौथीत गेली तशी तिच्या तुकड्यांची लांबी वाढली. शेवटी शेवटी मी अर्धं पान द्यायचे आणि कुठं थांबायचं ते तीच पेन्सिलीनं रेघ मारून ठरवायची. रेघ कधी फार वर मारायची, कधी पानाच्या बाहेर. पण रेघेपर्यंत पोचायची.

पाचवीसाठी तिला पलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं होतं. शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही चौघं तिच्या नव्या वर्गशिक्षकांना भेटायला गेलो. तरुण सर होते, उत्साही. मी सुरुवात केली, पण वडील म्हणाले, "मॅडम, मी सांगतो," आणि त्यांनी सांगितलं. पोरगी समोर बसली पाहिजे. काम तोडून दिलं पाहिजे. सुट्टी ठरलेली पाहिजे, आणि शिक्षा म्हणून ती कापायची नाही. काही बदल असला तर आधी सांगायचं. संध्याकाळी घरी एक चांगलं वाक्य पाठवायचं, आम्ही घरी तेच धरून चालतो. भिंतीवरचा स्विचबोर्ड निघालेला होता, त्यांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि बोलणं पूर्ण केलं. आईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, ते मला दिसलं नाही.

सर मुलीला म्हणाले, "छान. मग तू आता वर्ग पाहून ये, तुझा बाक निवड, फळ्यावर नाव लिही आणि खाली ऑफिसातून पुस्तकं घेऊन ये."

मुलगी जागची हलली नाही. तिनं एक बोट वर केलं.

"एकच सांगजा सर. मी करतो, मंग दुसरं सांगजा."

सर थोडे ओशाळले. "बरं. बाक निवड."

ती आत गेली. पहिल्या ओळीत जाऊन बसली, उठली, शेजारच्या बाकावर बसून पाहिलं, पुन्हा पहिल्यावर आली. बाकाच्या फळीवरून हात फिरवला. मग तिथूनच हाक मारली, "निवडला."

"आता फळ्यावर नाव लिही," सर म्हणाले.

तिनं खडू शोधला आणि लिहायला लागली. अक्षर मोठं, थोडं खाली उतरत जाणारं. माझी बस यायची वेळ झाली होती, म्हणून मी तिथूनच निघाले.